यील्डच्या पुढची सळई

बांधकामाच्या जागेवर सळईचा ट्रक उतरतो, तेव्हा त्याच्याबरोबर टेस्ट सर्टिफिकेट येतं. वरती हीट नंबर, मग कार्बन-गंधक-फॉस्फरसचं प्रमाण आणि खाली यांत्रिक चाचणीचे चार आकडे. साइटवरच्या माणसाची नजर त्यातल्या एकाच आकड्यावर जाते. यील्ड ५०० च्या वर आहे ना? असलं की सही होते आणि ट्रक मोकळा होतो.

तो आकडा गरजेचा आहेच. पण तो ज्या आलेखावरून काढलेला असतो, त्याचा तो अगदी सुरुवातीचा कोपरा आहे. २१ टक्के लांबून तुटणाऱ्या सळईचा आलेख २१ सेंटीमीटर रुंद कागदावर काढला, तर यील्ड पहिल्या ३ मिलिमीटरच्या आतच येऊन जातं. उरलेल्या सगळ्या कागदावर सळई वाकण्याच्या, ताणण्याच्या आणि तुटण्याच्या बेतात असताना कशी वागेल हे लिहिलेलं असतं. भूकंपात इमारत हलते तेव्हा गाठ पडते ती या उरलेल्या कागदाशी. म्हणून एकच सळई घेऊन तिचा आलेख डावीकडून उजवीकडे सावकाश वाचू या.

सळई १६ मिलिमीटरची, एफई ५०० डी जातीची. पुढचे आकडे समजावून सांगण्यासाठी घेतलेले आहेत, पण चांगल्या सळईच्या चाचणीत येतात तसेच आहेत.

मशीनवर चढवण्याआधी सळईचा तुकडा वजनकाट्यावर जातो. सळईला वळ्या असतात, त्यामुळे व्हर्निअर कॅलिपरने व्यास मोजून क्षेत्रफळ काढता येत नाही. वळीवर मोजला तर जास्त भरतो, दोन वळ्यांच्या मध्ये मोजला तर कमी. आयएस १७८६ या भारतीय मानकाने यावर सोपा मार्ग दिला आहे. तुकड्याचं वजन आणि लांबी घ्यायची आणि पोलादाच्या घनतेवरून क्षेत्रफळ काढायचं. आपला तुकडा बरोबर अर्धा मीटर लांब आणि वजन ७८० ग्रॅम. म्हणजे ०.७८० ला ०.००७८५ आणि ०.५ यांच्या गुणाकाराने भागायचं. उत्तर येतं १९८.७ चौरस मिलिमीटर. १६ मिलिमीटर व्यासाच्या गुळगुळीत वर्तुळाचं क्षेत्रफळ २०१ असतं. म्हणजे आपली सळई किंचित हलकी आहे, पण चालण्यासारखी आहे.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी. प्रत्यक्ष क्षेत्रफळ धरून काढलेली ताकद ही त्या पोलादाची ताकद असते, सळईची नव्हे. सळई चांगलीच हलकी निघाली तरी पोलाद चांगलं असल्यामुळे यील्डचा आकडा झकास येतो. मात्र तुमच्या कॉलममध्ये प्रत्यक्षात कमी लोखंड गेलेलं असतं. म्हणून यील्डच्या शेजारीच मीटरमागचं वजनही पाहायचं. १६ मिलिमीटरला ते १.५८ किलो हवं आणि मानक त्यात थोडी सूट देतं.

मग सळईवर पंचाने खुणा करतात. चाचणी झाल्यावर सळई किती लांबली ते मोजायचं, तर सुरुवातीचं अंतर ठरलेलं हवं. हे अंतर म्हणजे गेज लांबी. ती क्षेत्रफळाच्या वर्गमुळाच्या ५.६५ पट घेतात, म्हणजेच गोल सळईच्या व्यासाच्या पाचपट. आपल्या सळईला ८० मिलिमीटर. सळई नेमकी कुठे तुटणार हे आधी माहीत नसतं, म्हणून अनुभवी माणूस एकच जोडी न मारता सगळ्या लांबीवर सारख्या अंतराने ठिपके मारून ठेवतो. तुटल्यावर, तुटलेली जागा मध्ये येईल अशी ८० मिलिमीटरची जोडी निवडता येते.

एक मात्र करायचं नाही. सळई जबड्यात नीट बसावी किंवा व्यास सहज मोजता यावा म्हणून ती लेथवर धरून सोलायची नाही. टीएमटी सळई रोलिंगनंतर लगेच पाण्याच्या झोतातून काढलेली असते. तिच्या बाहेरच्या कड्यातलं पोलाद कडक असतं, आतला गाभा मऊ असतो. सोललं की कडक कडंच निघून जातं आणि चांगल्या सळईचंही यील्ड कमी येतं.

आता सळई युनिव्हर्सल टेस्टिंग मशीनच्या, सगळेजण ज्याला यूटीएम म्हणतात त्याच्या, जबड्यांत धरली जाते. मधल्या भागावर एक्स्टेन्सोमीटर नावाचं नाजूक उपकरण चिमट्यासारखं बसवतात. मशीन ओढू लागतं. उभ्या अक्षावर स्ट्रेस, म्हणजे ओढ भागिले सळईचं मूळ क्षेत्रफळ. आडव्या अक्षावर स्ट्रेन, म्हणजे मूळ लांबीच्या मानाने वाढलेली लांबी. स्ट्रेस मेगापास्कलमध्ये सांगतात. एक मेगापास्कल म्हणजे एका चौरस मिलिमीटरवर एक न्यूटन. दोन्ही ठिकाणी ‘मूळ’ हा शब्द आहे, तो विसरू नका. पुढे त्याचं काम आहे.

आलेखाचा पहिला भाग सरळ रेषा असते आणि ती जवळजवळ उभीच चढते. पोलाद सुमारे २,००,००० मेगापास्कल इतकं ताठ असतं. हिशेब केला तर ५४० मेगापास्कलपर्यंत ओढलं तरी ८० मिलिमीटरचा भाग जेमतेम ०.२२ मिलिमीटर लांबतो. या टप्प्यात ओढ सोडली की सळई होती तशी होते.

हा ०.२२ मिलिमीटर डोळ्याला दिसत नाही, आणि इथेच पुष्कळ आलेख फसतात. काही ठिकाणी एक्स्टेन्सोमीटर न लावता मशीनचा डोकेकडचा भाग किती सरकला तेवढीच नोंद घेतात. त्या सरकण्यात सळईच्या लांबण्याबरोबर जबड्यांचं सळईवर रुतणं, मशीनचे खांब ताणणं, सगळं मिसळतं. मग सुरुवातीची रेषा आडवी पडते आणि तळाशी तिला बाक येतो. तुमच्या हातात आलेख असेल तर त्या रेषेचा चढ मोजा. ५४० मेगापास्कलला स्ट्रेन ०.२७ टक्के यायला हवा. आलेखात तो दीड-दोन टक्के दिसत असेल, तर ते पोलाद मऊ नाही, मोजमापच सळईचं नाही. अशा आलेखावरून कमाल ओढ घेता येते, ती बरोबर असते. लांबी लागणारं काहीही त्यावरून घेऊ नये. आणि रेषेत मधेच करवतीसारखे दाते दिसले तर जबड्यातून सळई घसरते आहे असं समजावं.

ओढ १०७.३ किलोन्यूटनवर पोचते आणि थांबते. लांबी वाढत राहते, ओढ वाढत नाही. जुन्या, तबकडीच्या मशीनवर हा क्षण बघण्यासारखा असतो. इतका वेळ सारखा पुढे सरकणारा काटा अचानक थबकतो, कधी किंचित मागेही येतो, तिथल्या तिथे थरथरतो. त्याच वेळी सळईकडे पाहिलं तर रोलिंगच्या वेळी तिच्यावर बसलेली काळसर निळी खपली तडकून भुसा पडावा तशी खाली पडत असते. गुळगुळीत पट्टीचा तुकडा असेल तर तिच्यावर तिरपे पट्टे उमटतात आणि एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकत जातात. म्हणजे सगळी पट्टी एकदम यील्ड होत नाही. ज्या भागावरून पट्टा गेला तो झाला, उरलेला अजून पहिल्या अवस्थेतच असतो. पट्टे सगळ्या लांबीवरून जाईपर्यंत आलेख आडवा राहतो.

याचं कारण पोलादात विरघळलेल्या कार्बन आणि नायट्रोजनच्या अगदी थोड्या अणूंमध्ये आहे. धातू कायमचा लांबतो तो त्याच्या स्फटिकांतल्या सूक्ष्म रेषाकृती दोषांच्या सरकण्यामुळे. त्यांना डिसलोकेशन म्हणतात. कार्बन-नायट्रोजनचे अणू या रेषांभोवती गोळा होऊन त्यांना जखडून ठेवतात. पकड सुटायला जास्त जोर लागतो. एकदा सुटली की कमी जोरात काम भागतं. म्हणून आधी टोक आणि मग किंचित खाली सपाट भाग. वरचं टोक चाचणीचा वेग आणि सळई जबड्यात किती सरळ धरली आहे यावर हलतं. खालची सपाटी त्या मानाने भरवशाची. कॉटरेल आणि बिल्बी या शास्त्रज्ञांनी हे १९४९ मध्ये उलगडून मांडलं.

आपली सळई प्रामाणिकपणे थबकली, त्यामुळे हिशेब सोपा. १०७.३ किलोन्यूटन भागिले १९८.७ चौरस मिलिमीटर, म्हणजे ५४० मेगापास्कल. हेच यील्ड.

प्रत्येक धातू असा थबकत नाही. अॅल्युमिनियम, तांबं, थंड अवस्थेत पीळ दिलेली जुनी टॉर सळई, काही टीएमटी सळयासुद्धा, यांचा आलेख सरळ रेषेतून गोलाकार वळतो आणि यील्ड नेमकं कुठे झालं ते सांगायला खूण उरत नाही. तिथे एक करार केलेला आहे. ओढ सोडल्यावर ०.२ टक्के कायमची लांबी राहील त्या ठिकाणाला यील्ड मानायचं. आलेखावर ते शोधायचं असं. आडव्या अक्षावर ०.२ टक्क्यांची खूण करा, तिथून सुरुवातीच्या सरळ रेषेला समांतर रेघ काढा आणि ती आलेखाला जिथे छेदेल तिथला स्ट्रेस वाचा. याला ०.२ टक्के प्रूफ स्ट्रेस म्हणतात. समांतर रेघ काढायला मूळ रेषेचा चढ खरा हवा, म्हणून आधी मशीनच्या सरकण्याबद्दल एवढं लिहिलं. चढ चुकला की प्रूफ स्ट्रेसही चुकतो.

वेगाचंही एक सांगायला हवं. पोलाद झपकन ओढलं तर यील्ड जास्त येतं. म्हणून या टप्प्यात स्ट्रेस सेकंदाला ६ ते ६० मेगापास्कलच्या दरम्यान वाढावा अशी मर्यादा आंतरराष्ट्रीय मानकाने घातली आहे. रांगेत पन्नास नमुने असले की व्हॉल्व्ह जरा जास्त उघडण्याचा मोह होतो. काठावरची सळई अशा घाईत पास होऊ शकते.

सपाटी संपते आणि आलेख पुन्हा चढू लागतो. हा चढ पहिल्यासारखा उभा नाही. पसरट, कमी-कमी होत जाणारा आहे. सळई कायमची लांबते आहे आणि लांबताना कडकही होते आहे, कारण सरकणाऱ्या डिसलोकेशनच एकमेकींच्या वाटेत येऊन अडकतात. त्याच वेळी सळई सगळ्या लांबीवर सारखीच बारीक होते आहे. म्हणजे दोन गोष्टींची शर्यत चालू आहे. सळई एक टक्का लांबली की तिचं क्षेत्रफळ सुमारे एक टक्का घटतं. त्यात तिचा कडकपणा एक टक्क्याहून जास्त वाढला तर ओढ वाढत राहते. वाढ बरोबर एक टक्क्यावर आली की दोन्ही बाजू फिटतात आणि ओढ स्थिर होते. तो आलेखाचा माथा. फ्रेंच अभियंता कॉन्सिडेअर याने १८८५ मध्ये ही अट मांडली आणि माथ्याचं कारण आजही तिच्यावरूनच सांगितलं जातं.

आपल्या सळईचा माथा १२८.४ किलोन्यूटनवर, म्हणजे सुमारे १३ टनांच्या ओढीला येतो. मूळ क्षेत्रफळाने भागलं की ६४६ मेगापास्कल. ही तिची अल्टिमेट स्ट्रेंथ, कमाल ताकद. तबकडीच्या मशीनवर मुख्य काट्याबरोबर ढकलला जाणारा दुसरा काटा असतो. मुख्य काटा मागे फिरला तरी तो माथ्याच्या आकड्यावरच थांबून राहतो. या क्षणापर्यंत सळई सगळीकडे सारखी १० टक्के लांबलेली आहे.

माथ्यानंतर शर्यत हरलेली असते. कुठेतरी सळई किंचित जास्त बारीक झाली की तिथला स्ट्रेस वाढतो, तिथलाच भाग आणखी ताणतो, आणखी बारीक होतो. कणकेचा गोळा दोन्ही हातांनी ओढला की मध्येच एका जागी मान पडते, तशी सळईला मान पडते. आता बाकीच्या सळईचं लांबणं थांबलेलं असतं, जे काही होतं ते त्या मानेतच. आलेख खाली उतरू लागतो आणि ९९.४ किलोन्यूटनवर सळई तुटते. हॉलमध्ये चांगला मोठा आवाज होतो. तुटलेल्या तोंडावर एका बाजूला वाटी आणि दुसऱ्या बाजूला सुळका दिसला, मधला भाग राखाडी आणि खडबडीत असला, तर तुटणं डक्टाइल होतं. चकचकीत दाणेदार सपाट तोंड दिसलं, मान पडलेलीच नसली, तर आकडे काहीही म्हणोत, त्या सळईची चौकशी करायला हवी.

आलेख उतरतो म्हणून धातू शेवटी दुबळा होतो, असं पुष्कळ विद्यार्थी आणि काही अभियंतेही समजतात. आता तो ‘मूळ’ शब्द आठवा. आपण शेवटपर्यंत १९८.७ नेच भागत आलो. तुटण्याच्या क्षणी मानेचं खरं क्षेत्रफळ निम्म्यावर, म्हणजे साधारण ९९ वर आलेलं आहे. ९९.४ किलोन्यूटनला त्याने भागा. मानेतल्या पोलादावर प्रत्यक्षात १,००० मेगापास्कलच्या आसपास स्ट्रेस आहे. माथ्याच्या वेळी खरा स्ट्रेस ७११ होता. म्हणजे धातू तुटेपर्यंत कडकच होत गेला. दुबळी झाली ती सळई, बारीक झाल्यामुळे. तरीही अभियंता मूळ क्षेत्रफळाचाच आलेख वापरतो आणि ते बरोबरच आहे, कारण बीममध्ये सळई टाकताना तो जिचा व्यास धरतो ती न ताणलेली सळई असते.

तुटलेले दोन तुकडे घट्ट जुळवून ठिपक्यांमधलं अंतर मोजतात. ८० चे ९६.८ मिलिमीटर झाले. वाढ १६.८, म्हणजे २१ टक्के. मानक एफई ५०० डीसाठी किमान १६ टक्के मागतं, साध्या एफई ५०० साठी १२.

या २१ टक्क्यांची फोड करून बघा. सगळीकडे सारखी झालेली १० टक्के वाढ म्हणजे ८० वर ८ मिलिमीटर. उरलेले ८.८ मिलिमीटर एकट्या मानेतून आले. आता हीच सळई कुणी २०० मिलिमीटरच्या गेज लांबीवर मोजली तर? सारखी वाढ २० मिलिमीटर, मानेचे तेच ८.८, मिळून २८.८. टक्केवारी १४.४. सळई तीच, चाचणी तीच. एका मोजमापात ती १६ टक्क्यांची अट आरामात ओलांडते, दुसऱ्यात नापास होते. म्हणून इलाँगेशनच्या शेजारी गेज लांबी लिहिलेली नसेल तर त्या आकड्याला अर्थ नाही. मानकाने डी जातीच्या सळईला माथ्यापाशी किती लांबते याचीही वेगळी अट घातली आहे, किमान ५ टक्के. माझ्या मते ही अट जास्त शहाणपणाची आहे, कारण तिच्यात मानेचा वाटा येत नाही.

आता चिवटपणा. सर्टिफिकेटवर त्याचा रकाना नसतो. तो आलेखातूनच काढावा लागतो. ताकद म्हणजे सळई किती ओढ सोसते आणि चिवटपणा म्हणजे तुटण्याआधी ती किती ऊर्जा पोटात घेते. ओढ गुणिले अंतर म्हणजे काम, म्हणून आलेखाच्या रेषेखालचं सगळं क्षेत्रफळ हाच चिवटपणा. संगणक ते क्षणात देतो, पण आलेखकागदावर चौकोन मोजूनही ते काढता येतं. एक चौकोन आडवा १ टक्का आणि उभा ५० मेगापास्कल घेतला, तर त्याची किंमत दर घनमीटरला अर्धा मेगाज्यूल. आपल्या आलेखाखाली असे सुमारे २५० चौकोन भरतात, म्हणजे १२५ मेगाज्यूल. चौकोन मोजायचे नसतील तर डक्टाइल धातूसाठी एक चालणारा अंदाज आहे. यील्ड आणि कमाल ताकद यांची सरासरी ५९३, गुणिले ०.२१, उत्तर १२४.५. यातला यील्डपर्यंतचा, डावीकडच्या उभ्या रेषेखालचा वाटा किती? पाऊण मेगाज्यूलही नाही.

शेजारी दुसरी सळई ठेवू या. तिचं यील्ड ५६०, कमाल ताकद ६००, इलाँगेशन त्याच गेज लांबीवर १३ टक्के. एकच आकडा बघणाऱ्याला ही सळई सरस वाटेल, यील्ड २० ने जास्त आहे. चिवटपणा मात्र ५८० गुणिले ०.१३, म्हणजे ७५. पहिलीच्या साठ टक्के. आणि दुसरी खोट त्याहून मोठी आहे. कमाल ताकद भागिले यील्ड हे गुणोत्तर पहिल्या सळईत १.२० येतं, दुसऱ्या सळईत १.०७. आयएस १७८६ एफई ५०० ला किमान १.०८ आणि ५०० डीला १.१० मागतं, तर भूकंपरोधक बांधकामाचं मानक आयएस १३९२० किमान १.१५.

हे गुणोत्तर इतकं का जपायचं? भूकंपात बीमच्या टोकाला काँक्रीट तडकतं आणि त्या भेगेपाशी सळई यील्ड होते. सळई यील्डनंतर भरपूर कडक होणारी असेल तर भेगेपाशी ओढ वाढते आणि शेजारच्या भागालाही यील्ड व्हायला लावते. ताणणं पसरतं, सळईची बरीच लांबी ऊर्जा खायला लागते. गुणोत्तर एकाला चिकटून असेल तर शेजारचा भाग यील्डपर्यंत पोचतच नाही. सगळं ताणणं एका भेगेच्या दोन बोटं रुंदीत साठतं आणि सळई तिथे तुटते. तेच मानक आणखी एक गोष्ट सांगतं, जी ऐकून ठेकेदार चकित होतात. प्रत्यक्ष यील्ड ठरलेल्या आकड्यापेक्षा २० टक्क्यांहून जास्तही नको. ५०० ची सळई ६०० च्या वर गेली तर ती अशा बांधकामात चालत नाही. बीमची सळई गृहीत धरल्यापेक्षा फार जोरकस निघाली, तर बीमने वाकायच्या आधी कॉलम मोडायची वेळ येऊ शकते.

आलेखाच्या उजव्या बाजूकडे बघायला हवं ही जाणीव नवी नाही. स्कॉटलंडच्या डेव्हिड किरकाल्डीने ग्लासगोतल्या नेपिअर यांच्या कारखान्यात घडीव लोखंड आणि पोलादाचे शेकडो नमुने तोडून १८६२ मध्ये त्याचे निष्कर्ष पुस्तकरूपाने छापले. तुटण्याचा भार एकटा लोखंडाची प्रत सांगत नाही, तुटलेल्या जागी ते किती आकसलं तेही पाहिलं पाहिजे, हा त्याचा आग्रह होता. पुढे त्याने लंडनमध्ये स्वतंत्र चाचणीशाळा काढली आणि आयुष्यभर हेच काम केलं.

चाचणीच्या मर्यादाही सांगायला हव्यात. आलेखाखालच्या क्षेत्रफळातून मिळणारा चिवटपणा सावकाश ओढलेल्या, खाच नसलेल्या, खोलीच्या तापमानातल्या नमुन्याचा असतो. गेज लांबी बदलली की तोही बदलतो, म्हणून दोन सळयांची तुलना एकाच गेज लांबीवर करावी. आणि थंडी, खाच व धक्का एकत्र आले तर हा आकडा कामाचा नाही. १६ जानेवारी १९४३ ला अमेरिकेत पोर्टलंडच्या धक्क्याला शांत पाण्यात उभी असलेली स्केनेक्टडी ही नवी तेलवाहू बोट मोठा आवाज होऊन मधोमध मोडली. अशा बोटींचं पोलाद ओढून पाहिलं तर डक्टाइल होतं. थंडीत, वेल्डिंगच्या खाचेपाशी मात्र ते ठिसूळ वागलं. म्हणून थंड प्रदेशातल्या पुलांच्या आणि टाक्यांच्या प्लेटला टेन्साइलबरोबर खाच पाडलेल्या नमुन्याची शार्पी आघात चाचणीही लागते. आपल्याकडच्या आयएस २०६२ मध्येसुद्धा प्लेटच्या उपप्रतीनुसार ही चाचणी शून्य किंवा उणे २० अंशांवर घ्यायची असते.

घर बांधत असाल, सोसायटीच्या पुनर्विकासाच्या समितीवर असाल, तर सळईच्या चाचणीचा नुसता अहवाल घेऊ नका, त्याच्याबरोबर आलेखाची प्रत मागा. यील्ड पाहून झालं की कमाल ताकदीला त्याने भागा, इलाँगेशनच्या शेजारी गेज लांबी लिहिली आहे का ते बघा आणि मीटरमागचं वजन तपासा. या तिन्हींपैकी एक जरी गोष्ट अहवालात नसेल, तर ती लिहून मिळेपर्यंत सही करू नका.